घर दाखवण्याआधी गल्ली दाखवा

‘कोथरूडमध्ये २ बीएचके विक्रीस. प्रशस्त, हवेशीर, मोक्याची जागा, भरपूर पाणी, शाळा-बाजार हाकेच्या अंतरावर. त्वरित संपर्क साधा.’ पुण्यात घर शोधणाऱ्या कुणाच्याही फोनवर अशा पोस्टी रोज येऊन पडतात. यातलं ‘कोथरूड’ खोडून तिथे ‘वाकड’ किंवा ‘बिबवेवाडी’ लिहा. बाकी एक अक्षरही बदलावं लागत नाही. म्हणजेच त्या पोस्टीत त्या घराबद्दल काहीच सांगितलेलं नसतं.

मग जे सांगितलेलं नाही ते लोक फोनवर विचारतात. मजला कितवा? लिफ्ट आहे का? पार्किंग कव्हर्ड की उघडं? फायनल किती? एजंट दिवसभर तीच उत्तरं देतो, आणि ज्यांना फोनवर नीट समजत नाही ते म्हणतात, ‘बघून तर येऊ.’ रविवारी सकाळी मालकाकडून किल्ली घेऊन एजंट जिन्याशी उभा राहतो. पार्टी येते, दुसऱ्या मजल्यावर आजींना धाप लागते, आणि सगळे तिथूनच परत फिरतात. पुण्यातल्या पुनर्विक्रीच्या व्यवहारात एजंटला साधारणपणे एक ते दोन टक्के दलाली मिळते, तीही व्यवहार झाला तरच. असे वाया गेलेले रविवार त्याच्या खिशातूनच जातात. पण घर शोधणाऱ्या कुटुंबाचेही ते जातात, हे आपण विसरतो. सुट्टी एकच असते, त्यात चार घरं बघायची असतात आणि त्यातली तीन मुळात बघण्यासारखीच नसतात.

गेल्या काही वर्षांत काही एजंटांनी याच्या उलट वाट धरली आहे. ते घराची आभासी सफर, म्हणजे व्हर्च्युअल टूर, तयार करतात आणि त्या घराच्या परिसराबद्दल तपशिलात लिहितात किंवा बोलतात. अनेकांना वाटतं की हे घर सजवून दाखवण्याचं नवं साधन आहे, आणि बरेच एजंट ते तसंच वापरतातही. माझ्या मते त्याचं खरं काम वेगळं आहे. ज्याला हे घर चालणार नाही त्याला ते घरबसल्याच कळावं आणि ज्याला चालेल त्याने नेमका प्रश्न घेऊन फोन करावा, यासाठी हे सगळं करायचं.

एक उदाहरण घेऊन पाहू. कोथरूडमध्ये पौड रस्त्यापासून आत, १९९० च्या दशकातल्या चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक घर आहे असं समजा. कार्पेट ६५० चौरस फूट, लिफ्ट नाही, खाली एक दुचाकी नक्की आणि चारचाकी ‘जागा मिळाली तर’. मालकाची अपेक्षा ९५ लाखांची. कोथरूडमध्ये अशा इमारती गल्लोगल्ली आहेत, म्हणून हेच घर निवडलं.

टूरसाठी लागणारं सामान फार नाही. दोन बाजूंना दोन भिंगं असलेला ३६० अंशांचा कॅमेरा, रिको थीटा किंवा इन्स्टा ३६० यांसारखा, आणि एक सडपातळ उभा दांडा. तीन पायांचा जाड ट्रायपॉड नको, कारण त्याचे पाय प्रत्येक चित्रात जमिनीवर दिसतात. कॅमेरा साधारण उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, पाच फुटांच्या आसपास ठेवायचा. त्याहून खाली ठेवला तर ओटा आणि पलंग अवाढव्य दिसतात, वर ठेवला तर खोली विहिरीत पाहिल्यासारखी वाटते. दोन भिंगांची चित्रं जिथे जोडली जातात तिथे जवळच्या वस्तू तुटक दिसतात, म्हणून कपाट, दाराची चौकट, पंख्याचं बटण यांपासून कॅमेरा शक्यतो हातभर तरी लांब असावा. एजंटने शेजारच्या खोलीत उभं राहून फोनवरून चित्र टिपायचं. बाथरूममधला आरसा मात्र हमखास दगा देतो. तिथे दांडा जरा कोपऱ्यात सरकवावा लागतो.

या घराला आठ-नऊ बिंदू पुरतात. दिवाणखान्यात दोन, दोन्ही झोपायच्या खोल्यांत एकेक, स्वयंपाकघर, बाल्कनी, संडास-बाथरूम आणि मधला बोळ. बिंदू निवडताना एका ठिकाणाहून पुढचं ठिकाण दारातून दिसलं पाहिजे. नाहीतर बघणारा दिवाणखान्यातून एकदम न्हाणीघरात जाऊन पडतो आणि घराची रचना त्याच्या डोक्यात बसत नाही. नंतर ही चित्रं टूर बनवणाऱ्या एखाद्या ऑनलाइन सेवेवर चढवून एकमेकांना जोडतात आणि तयार झालेली लिंक व्हॉट्सॲपवर पाठवतात. सरावलेल्या माणसाला घरात तासभर आणि नंतर जोडणीला तेवढाच वेळ पुरतो.

यात एक फसवणूक आपोआप होते आणि ती ओळखून दुरुस्त करावी लागते. रुंद कोनाच्या चित्रात खोली असते त्याहून मोठी दिसते. दहा बाय दहाची खोली बारा बाय चौदाची वाटते. प्रत्यक्षात आल्यावर माणसाचा चेहरा पडतो आणि त्या क्षणी एजंटवरचा विश्वासही जातो. त्यामुळे टूरबरोबर मोजमापांसह आराखडा द्यायलाच हवा. लेझरच्या मोजयंत्राने भिंत ते भिंत माप घेऊन ते आराखड्यावर लिहायचं. शिवाय प्रत्येक खोलीत ओळखीच्या मापाची एखादी वस्तू राहू द्यायची. सहा फुटी पलंग दिसला की डोळा बाकीचा हिशोब स्वतः करतो. संगणकावर खोट्या सोफ्यांनी रिकामी खोली भरण्याची एक पद्धत आहे. ते करायचंच असेल तर रिकाम्या खोलीचं चित्रही शेजारी ठेवावं आणि भिंतीवरचा ओल आल्याचा डाग कधीही पुसू नये.

बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पांची टूर ही वेगळीच गोष्ट आहे. तिथे दिसतं ते संगणकावर रंगवलेलं चित्र, किंवा नमुना सदनिका, जिच्यातलं फर्निचर कधीकधी मुद्दाम लहान बनवलेलं असतं. तिथे मंजूर नकाशा आणि महारेराच्या संकेतस्थळावरची माहिती यांच्याशी ताडून पाहण्याला पर्याय नाही. ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड देणं बंधनकारक आहे. तो स्कॅन केला की प्रकल्पाची नोंद उघडते. आपलं कोथरूडचं जुनं घर या चौकटीत बसत नाही, म्हणून तिथे एजंटच्या प्रामाणिकपणावरच जास्त भिस्त असते.

चित्रं टिपण्याआधी मालकाशी एक बोलणं नीट व्हायला हवं. ३६० अंशांच्या चित्रात सगळंच येतं. भिंतीवरचे कुटुंबाचे फोटो, नातवाच्या शाळेचं नाव असलेलं प्रमाणपत्र, औषधांच्या बाटल्या, कपाटातली तिजोरी, दारामागे टांगलेल्या किल्ल्या. ही लिंक शेकडो अनोळखी लोकांकडे जाणार असते. म्हणून अशा गोष्टी उचलून ठेवायच्या, दाराची पाटी झाकायची, कडी-कुलपाचं जवळून चित्र घ्यायचं नाही, आणि घर विकलं गेलं की टूर काढून टाकायची. हे मालकाला आधी सांगितलं तर तो परवानगी मोकळ्या मनाने देतो.

टूर झाली, आता ती काय दाखवू शकत नाही ते पाहू. तिला वास नाही. बाल्कनीखाली दुपारी किती गोंगाट असतो ते तिला कळत नाही. पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला ओल येते का, पाणी किती वाजता येतं, सोसायटीत भांडणं आहेत का, यातलं काहीही ती सांगत नाही. घर नाकारण्याची निम्मी कारणं घराच्या आत नसतातच. ती जिन्यात, पार्किंगमध्ये आणि गल्लीत असतात. म्हणून परिसराची माहिती हवी, आणि ती ‘शाळा-बाजार जवळ’ अशी नको.

आपल्या घराबद्दल एजंट काय देऊ शकतो? पहिला छोटा व्हिडिओ जिन्याचा. रस्त्यापासून दारापर्यंत, न थांबता, एकाच चालीने. पायऱ्या किती ते बोलून सांगत. हा व्हिडिओ पाहून ज्यांच्या घरी गुडघेदुखीचे आई-वडील आहेत ते स्वतःहून बाजूला होतात. दुसरा पार्किंगचा. संध्याकाळी आठ वाजता, सगळ्या गाड्या आत आल्यावर, एक मध्यम आकाराची गाडी प्रत्यक्ष वळवून दाखवायची. सकाळी अकराला रिकामं पार्किंग दाखवणं म्हणजे न बोलता खोटं बोलणंच. तिसरा बाल्कनीतून, सकाळी साडेआठला, आवाज न दाबता. शाळेच्या बस, दुचाकींचे हॉर्न, भाजीवाल्याची हाक, जे आहे ते ऐकू द्यायचं.

चौथा व्हिडिओ घरापासून मेट्रो स्थानकापर्यंत चालत जाण्याचा. वनाज ते गरवारे कॉलेज हा मेट्रोचा टप्पा मार्च २०२२ मध्ये सुरू झाला आणि दोन वर्षांनी ती मार्गिका रामवाडीपर्यंत पोहोचली. तेव्हापासून कोथरूडमधल्या जाहिरातींत ‘मेट्रोजवळ’ हे शब्द सगळीकडे आले. पण वनाज, आनंदनगर की आयडियल कॉलनी, त्यातलं कुठलं स्थानक, पौड रस्ता कुठे ओलांडायचा, पदपथ आहे की गाड्यांच्या मधून वाट काढायची, हे चालून पाहिल्याशिवाय कळत नाही. ज्याला रोज शिवाजीनगर किंवा येरवड्याला जायचं आहे त्याला या व्हिडिओचं मोल वेगळं. हिंजवडीला जाणाऱ्याला मेट्रोपेक्षा चांदणी चौकाची सकाळ महत्त्वाची. त्याला तो रस्ता कामाच्या दिवशी सकाळी नऊला दाखवायला हवा.

गुगलचं स्ट्रीट व्ह्यू जुलै २०२२ मध्ये भारतात परतलं तेव्हा पहिल्या दहा शहरांत पुणं होतं, त्यामुळे गल्ली घरबसल्या बघता येते हे खरं. पण ती गल्ली गाडी तिथून गेली त्या दिवशीची असते. गणपतीच्या दहा दिवसांत मंडळाचा मांडव नेमका कुठे पडतो आणि गाडी आत येते का, हे तिथे राहणाऱ्यालाच माहीत.

आणि पाचवी गोष्ट चित्राची नाही, कागदाची आहे. कोथरूडच्या जुन्या इमारतींत सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न पुनर्विकासाचा. सोसायटीच्या नावावर जमिनीचं अभिहस्तांतरण झालं आहे का? पुनर्विकासाचा विषय सर्वसाधारण सभेत आला आहे का? २०१९ च्या शासन निर्देशांनुसार ५१ टक्के सभासदांच्या संमतीने पुनर्विकास पुढे जाऊ शकतो, त्यामुळे घर घेणाऱ्याला दोन वर्षांत भाड्याच्या घरात जावं लागेल का हा प्रश्न रास्त आहे. कुणाला ती अडचण वाटेल, तर कुणी नेमकं त्यासाठीच हे घर घेईल. एजंटने सोसायटीच्या सचिवांना विचारून जे आहे तेवढंच लिहावं: चर्चा आहे, ठराव नाही, किंवा ठराव आहे, विकासक ठरलेला नाही. ‘लवकरच रीडेव्हलपमेंट’ हे वाक्य मात्र लिहू नये. त्या आशेवर लोक आयुष्याची पुंजी लावतात.

परिसराबद्दल लिहिताना एक रेघ पाळावी असं मला मनापासून वाटतं. जागेचं वर्णन करावं, माणसांचं नाही. ‘चांगली वस्ती’, ‘आपली माणसं’, ‘फक्त शाकाहारी’ अशा शब्दांनी आपल्या शहरांत किती जणांना दार बंद झालं आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, मुंबईत खुद्द मराठी माणसांनाही. पाण्याची वेळ, रस्त्याची रुंदी, दवाखान्याचं अंतर, रात्रीचे दिवे यांची माहिती प्रत्येकाला सारखीच उपयोगी पडते. शेजारी कोण राहतात हे ज्याला विचारायचं आहे त्याला एजंटने सांगावं की गल्लीतून एक चक्कर मारून या, लोकांशी बोला.

मग हे सगळेच एजंट का करत नाहीत? आळस हे एक कारण असेल, पण खरं कारण भीती आहे. पुण्यात एकच घर पाच-सहा एजंटांकडे असतं. बाल्कनीतून दिसणारा चौक दाखवला की दुसरा एजंट इमारत ओळखतो, आणि खरेदीदार थेट मालकाच्या दारात जाऊन उभा राहतो. ही भीती खोटी नाही. म्हणून टूरवर मेहनत घेण्याआधी मालकाकडून ठरावीक मुदतीसाठी, साधारण दोन-तीन महिन्यांसाठी, एकट्याला काम दिल्याचं पत्र घ्यावं. मालकाने ते का द्यावं? कारण पाच एजंटांनी पाच किमती लावल्या की बाजारात त्या घराची पत जाते आणि ‘यात काहीतरी गडबड आहे’ असं लोक धरून चालतात. शिवाय अनोळखी लोकांची घरातली वर्दळही कमी होते. वयस्क मालकांना हा मुद्दा लगेच पटतो.

पत्र मिळालं नाही तरी परिसराचं काम थांबत नाही, आणि इथेच दोन्हींतला मोठा फरक आहे. टूर त्या घराची असते, घर गेलं की संपते. ‘कोथरूडमध्ये लिफ्ट नसलेल्या इमारतीत घर घेताना काय पाहावं’ किंवा ‘वनाज स्थानकाजवळच्या गल्ल्या: चालणं, पार्किंग, पाणी’ अशी माहिती एजंटची स्वतःची असते आणि ती पुढच्या वीस घरांना लागू पडते. लोक शोधतातही तसंच. त्यांना तो अमुक फ्लॅट माहीत नसतो. त्यांना ‘वनाजजवळ पाणी कसं आहे’ हे हवं असतं. फक्त अशा प्रत्येक माहितीवर कधी तपासली तो महिना आणि वर्ष लिहावं. पाण्याची वेळ उन्हाळ्यात बदलते, रस्ते खणले जातात, आणि दोन वर्षांपूर्वीचं बरोबर उत्तर आज माणसाला चुकवतं. हाताशी वेळ नसेल तर शहरभराच्या वरवरच्या माहितीपेक्षा तीन-चार गल्ल्यांची पक्की माहिती ठेवलेली बरी.

परगावच्या आणि परदेशातल्या मराठी कुटुंबांना याचा वेगळाच आधार होतो. न्यू जर्सीत किंवा दुबईत राहणारी मुलगी कोथरूडमधल्या आई-वडिलांसाठी घर शोधते तेव्हा तिला संगमरवरी फरशीत रस नसतो. दवाखान्यापर्यंत रिक्षा सहज मिळते का आणि बाबा संध्याकाळी कुठे फिरायला जातील, हे तिला बघायचं असतं. ती टूर रात्री उशिरा, सगळ्यांनी मिळून पाहते आणि दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर प्रश्न विचारते. तरीही कागदपत्रं आणि प्रत्यक्ष घर ओळखीच्या माणसाने बघितल्याशिवाय तिने टोकन देऊ नये. टूर हा निर्णयाचा पुरावा नव्हे.

आता चौकशी येते तेव्हा काय बदललेलं असतं ते पाहा. लिंकबरोबर एजंट तीनच प्रश्न पाठवतो: कधीपर्यंत राहायला जायचं आहे, कर्ज मंजूर आहे की आधी जुनं घर विकायचं आहे, आणि राहणार कोण. दहा रकाने भरायला लावले तर खरी पार्टीही कंटाळते. समोरून येणारे संदेश पाहिले की टूर कुणी नीट पाहिली हे लगेच समजतं. ‘फायनल किती?’ विचारणाऱ्याने ती उघडलेलीच नसते. ‘मागच्या बेडरूमच्या खिडकीला लागून दुसरी इमारत किती लांब आहे?’ असं विचारणारा मनाने त्या खोलीत पलंग लावून बसलेला असतो. रविवार त्याच्यासाठी राखून ठेवायचा.

चौकश्यांची संख्या यात घटते, आणि पहिल्या पंधरवड्यात बहुतेक एजंट इथेच घाबरतात. मालकही विचारतो, ‘फोन येत नाहीत का हो?’ अशा वेळी वही कामाला येते. प्रत्येक चौकशी कुठून आली, काय विचारलं, घर बघायला आले का, पुन्हा आले का, नाही म्हणाले तर कशासाठी, हे पाच रकाने. फोन किती आले यापेक्षा बघायला आलेल्यांपैकी कितीजण दुसऱ्यांदा आले, हा आकडा बघायचा. आणि घर पाहून लोक वारंवार ‘टूरमध्ये हे दिसलं नव्हतं’ म्हणत असतील तर टूर चुकली आहे. ती गोष्ट त्याच आठवड्यात दाखवून टाकायची.

आपल्या उदाहरणातल्या घराचं काय होईल? समजा महिनाभराने वहीत एकच कारण पुन्हापुन्हा दिसतं. घर आवडलं, गल्ली आवडली, जिना नको. साठीच्या पुढच्या कुणाला हे घर दाखवणं आता थांबवायचं. उरतात ते तिशीतली जोडपी, ज्यांना मेट्रो हवी आहे आणि तीन मजले चढायला हरकत नाही, आणि पुनर्विकासाची वाट पाहायची तयारी असलेले. पण त्यांचं बजेट वहीत ८५ ते ९० लाखांच्या मध्ये दिसतं आहे. एजंट ती वही घेऊन मालकाकडे जातो, नावं झाकून रकाने दाखवतो आणि म्हणतो, ‘काका, घर बघून परत गेलेली ही सगळी माणसं खरी होती. ९५ ला कुणी थांबलं नाही. ९० ला दोघं आज बोलायला तयार आहेत. जिना आपण बदलू शकत नाही, किंमत बदलू शकतो. काय करू सांगा.’